शब्दचर्चा: पंपाच्या कंपनात ‘असंतुलन’, ‘मिसअलाइनमेंट’ आणि ‘बेअरिंगदोष’ कुठे लिहायचं?

मुक्ता
आयटीआयच्या मुलांसाठी मोटर-पंप सेटच्या देखभालीचा तक्ता मराठीत करते आहे. तीन रकाने आहेत: असंतुलन, असंरेखन, बेअरिंगदोष. दुसरा शब्द मलाच खटकतोय. ‘संरेखन’ म्हटलं की महामार्गाचा नकाशा आठवतो. फिटर मंडळी तर तिन्हींना मिळून ‘सेट हलतोय’ म्हणतात.

तक्त्यात एक खरा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे ते दाखवणारा आलेख, छापायचा आहे आणि त्यावर बाण काढून नावं द्यायची आहेत. २२ किलोवॅटची चार पोलची मोटर, १४८० आरपीएम, पिन-बुश कपलिंग, पाच पात्यांचा इम्पेलर. पंपाच्या बेअरिंगचा नंबर ६३०८ लिहिला आहे. मोटरच्या कपलिंगकडच्या बेअरिंगवर आडव्या दिशेला २५ हर्ट्झवर १.४ आणि ५० हर्ट्झवर २.६ मिमी प्रति सेकंद. शाफ्टच्या दिशेने २५ हर्ट्झवर ३.१. कपलिंगच्या पलीकडे पंपाच्या बेअरिंगवर शाफ्टच्या दिशेने २.८, शिवाय तिथेच १२२.५ हर्ट्झवर ०.९ चा एक पीक. कुठल्या पीकला कुठलं नाव?

फिरता_शाफ्ट
सोपं आहे ताई. शाफ्टच्या फेऱ्यांच्या एका पटीला पीक म्हणजे अनबॅलन्स, दोन पटीला पीक म्हणजे अलाइनमेंट आउट, वरच्या बाजूला काही दिसलं की बेअरिंग. तुमच्या सेटमध्ये तिन्ही आहेत, तीन बाण काढा. फक्त ५० हर्ट्झ जरा तपासा, ती आपल्या लाइनची फ्रिक्वेन्सी आहे. मोटरच्या वाइंडिंगचा दोषही असू शकतो.

ओळंबा
दोन पटीचं बरोबर, बाकीचं इतकं सरळ नाही. १४८० ला ६० ने भागलं की २४.६७ हर्ट्झ येतात, हा 1X. दुप्पट ४९.३, हा 2X. प्रिंटवर २५ आणि ५० दिसतात कारण रीडिंग १००० हर्ट्झपर्यंत ४०० लाइनचं घेतलेलं आहे, म्हणजे दर २.५ हर्ट्झला एक रेघ. मधला कुठलाही आकडा जवळच्या रेघेवर जाऊन बसतो. म्हणून ५० दिसलं की लाइनकडे बोट दाखवायची घाई नको. शिवाय मोटरमधलं चुंबकीय बल लाइनच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर धक्का देतं. विजेचा संशय असेल तर तिथे बघायचं आणि सप्लाय तोडताना नजर ठेवायची. विजेचा पीक त्या क्षणी नाहीसा होतो, यांत्रिक पीक वेगाबरोबर हळूहळू उतरतो.

आता 1X. इम्पेलरचा किंवा रोटरचा तोल गेला की जड बाजू दर फेऱ्याला एकदा बाहेर ओढते. ही ओढ शाफ्टला आडवी असते, त्यामुळे 1X आडव्या-उभ्या दिशेला मोठा आणि शाफ्टच्या दिशेने लहान यायला हवा. मुक्ताताईंच्या आकड्यांत उलटं आहे: आडव्या दिशेला १.४ आणि शाफ्टच्या दिशेने ३.१. दोन शाफ्ट एकमेकांशी कोनात असले की कपलिंग दर फेऱ्याला त्यांना पुढे-मागे ढकलतं, आणि तेही 1X वरच दिसतं. म्हणून 1X दिसला म्हणजे असंतुलन, या समजुतीवर इथे इम्पेलर काढून बॅलन्सिंगला पाठवला तर तो ठीक निघेल आणि सेट पुन्हा तितकाच हलेल.

आडव्या दिशेचा 2X त्याच्या 1X पेक्षा मोठा आहे. दोन शाफ्ट समांतर राहूनही एकमेकांवरून सरकले असतील तर असं होतं. प्रत्यक्षात कोन आणि सरक बहुतेक वेळा एकत्रच सापडतात, इथेही तसंच दिसतंय.

शेतावरून
आमच्या विहिरीवरचा ५ एचपीचा मोनोब्लॉक महिनाभर खूप थरथरतोय. म्हणजे त्याची अलाइनमेंट करून घ्यावी का? गावात लेझरवाला कोणी नाही.

ओळंबा
भाऊ, मोनोब्लॉकला कपलिंगच नसतं. मोटरच्याच शाफ्टवर इम्पेलर बसलेला असतो, त्यामुळे जुळवायला दुसरा शाफ्ट नाही. आधी फूटव्हॉल्व्ह आणि जाळी साफ आहे का बघा, मग इम्पेलरच्या एखाद्या पात्यात काडी-कचरा अडकलाय का. एका पात्यात कचरा म्हणजे खरंखुरं असंतुलन. पायाचे बोल्टही आवळून बघा. हे सगळं ठीक असेल तर बेअरिंग.

मुक्ता
म्हणजे 1X वर एकच नाव लिहिता येणार नाही. मग मुलांनी असंतुलन आणि दुसरा दोष वेगळा ओळखायचा कशावरून? फक्त दिशेवरून?

ओळंबा
दिशा ही पहिली चाळणी. पण तुमचा इम्पेलर शाफ्टच्या टोकाला, बेअरिंगच्या बाहेर लटकलेला असेल तर नुसत्या असंतुलनानेही शाफ्टच्या दिशेने 1X मोठा येऊ शकतो. म्हणून पुढची चाळणी फेजची. शाफ्टवर परावर्तक पट्टी चिकटवा, टॅकोमीटर रोखा आणि कपलिंगच्या दोन्ही बाजूंना शाफ्टच्या दिशेने 1X चा फेज घ्या. दोघांत साधारण १८० अंशांचा फरक असेल तर एक बाजू पुढे जाताना दुसरी मागे येते आहे, म्हणजे कपलिंगमधला कोन. फरक शून्याच्या आसपास असेल तर सगळं एकत्र हलतंय आणि असंतुलनाची शक्यता वाढते. ३० अंश इकडेतिकडे चालतात.

एक गोष्ट तक्त्यात ठळक छापा. मोटरच्या बेअरिंगवर सेन्सर पंपाकडून मोटरकडे तोंड करून लावला आणि पंपाच्या बेअरिंगवर मोटरकडून पंपाकडे, तर सेन्सरच उलटा झाला. मग मीटरवर दिसणाऱ्या फरकात १८० मिळवावे लागतात. हे विसरलं की मीटरवर १८० दिसतात आणि खरा फरक शून्य असतो, निदान बरोब्बर उलटं होतं. सेन्सरचं तोंड कुठे होतं त्याचा बाण रीडिंगच्या वहीत काढून ठेवायचा.

फिरता_शाफ्ट
सगळीकडे फेजचा मीटर नसतो. आम्ही कपलिंगच्या पिना काढून मोटर एकटी चालवतो. 1X तसाच राहिला तर दोष मोटरचा, पडला तर कपलिंग किंवा पंप.

ओळंबा
चांगली चाचणी आहे, तक्त्यात जरूर घ्या. फक्त मोटर एकटी असताना तिच्या अर्ध्या कपलिंगचं असंतुलन तिच्याबरोबर राहतं, आणि पंप की अलाइनमेंट हा प्रश्न उरतोच. त्यासाठी डायल लावावाच लागतो. डायल लावल्यावर आधी पाय तपासा: एकेक पायाचा बोल्ट सैल केला आणि पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर त्याखाली शिम घाला. अधांतरी पाय आवळला की मोटरची बॉडीच वाकते आणि जुळवलेली लाइन पुन्हा बिघडते.

रेषाभान
१२२.५ बद्दल कोणीच बोललं नाही. तो बेअरिंगचा आहे. ६३०८ मध्ये आठ गोळ्या, आतल्या रेसवर खड्डा असेल तर त्याचा पीक फेऱ्याच्या साधारण ४.९२ पटीला येतो. २४.६७ गुणिले ४.९२ म्हणजे १२१.४. जुळलं.

ओळंबा
जुळलं खरं, पण दुसरंही काहीतरी तितकंच जुळतं. इम्पेलरला पाच पाती आहेत. प्रत्येक पातं व्होल्यूटच्या जिभेसमोरून जाताना पाण्याचा धक्का बसतो, दर फेऱ्याला पाच, म्हणजे १२३.३ हर्ट्झ. १२१.४ असो की १२३.३, अडीच-अडीच हर्ट्झच्या रेघांत दोन्ही १२२.५ वरच बसतात. हा प्रिंट बघून निकाल देता येणार नाही. पात्यांचा पीक तर निरोगी पंपातही थोडा असतोच. बेअरिंग बदलायचं ठरवलं तर बेअरिंग चांगलं निघण्याची शक्यता आहे.

४०० हर्ट्झपर्यंत १६०० लाइनचं रीडिंग घ्या. रेघ पाव हर्ट्झची होते, मीटरला एका नोंदीला ४ सेकंद लागतात. त्या वेळात वेग स्थिर हवा, म्हणून डिस्चार्जच्या व्हॉल्व्हला हात लावू नका, आणि खरा आरपीएम त्याच वेळी टॅकोने मोजा. पीक बरोबर पाचपट आला तर पाती. पाचच्या खाली, अपूर्णांकात आला तर बेअरिंग. हीच खरी ओळख: असंतुलन, अलाइनमेंट, पाती हे सगळे फेऱ्याच्या पूर्ण पटीत येतात, बेअरिंगचे खड्डे येत नाहीत.

रेषाभान
नवीन रीडिंग घेण्याआधी आहे त्याच प्रिंटवर वरच्या पटी बघता येतील ना? तिप्पट केल्यावर बेअरिंगचं ३६४ येतं आणि पात्यांचं ३७०. अडीच हर्ट्झमध्येही तेवढं सुटतं.

ओळंबा
हो, हे छान सुचवलंत. त्या जागी पीक असेल तर ३६५ की ३७० तेवढं बघायचं. आणि आतल्या रेसचा खड्डा असेल तर मुख्य पीकच्या दोन्ही बाजूंना २४.६७ च्या अंतरावर छोटे पीक शोधा, साधारण ९७ आणि १४६ ला. खड्डा रेसबरोबर फिरतो, दर फेऱ्याला भाराखाली येतो आणि बाहेर जातो, म्हणून ठोका कमी-जास्त होतो. बाहेरची रेस जागेवर असते, तिच्या खड्ड्याला असे शेजारी सहसा नसतात. तिची पट इथे ३.०८, म्हणजे ७६ हर्ट्झ. दोन्ही पटी मिळवल्या की गोळ्यांची संख्या येते, ३.०८ आणि ४.९२ मिळून ८. हिशेब तपासायला बरं पडतं.

सुरुवातीचा खड्डा अशा मिमी प्रति सेकंदातल्या स्पेक्ट्रममध्ये सहसा दिसतही नाही. त्यासाठी एन्व्हलप रीडिंग लागतं.

मुक्ता
वरच्या पटी बघितल्या. ३६५ ला काही नाही, ३७० ला अगदी बारीक टेकाड आहे. ९७ आणि १४६ ला सपाट. तरी नवीन रीडिंग मागवते.

नावांचं असं ठरवते: ‘असंतुलन’ राहील, कारण तोल जाणं सगळ्यांना कळतं. मधल्या रकान्यात ‘अलाइनमेंट बिघाड’, आणि त्याखाली ‘कोन’ आणि ‘सरक’ असे दोन भाग. स्पेक्ट्रमच्या बाणांवर मात्र दोषाचं नाव नाही, फक्त 1X, 2X आणि ‘सुमारे ४.९ ते ५ पट’.

फिरता_शाफ्ट
‘सरक’ ऐकून पाया सरकला असं वाटेल मुलांना. ‘ऑफसेट’ लिहा, डायलवाले तेच म्हणतात.

रेषाभान
‘सरक’ चांगला आहे, चित्र काढा म्हणजे झालं. ताई, एक विचारू? ६३०८ हा नंबर बेअरिंगवरून वाचलाय की पंपाच्या कॅटलॉगमधून? मधे दुरुस्ती होऊन दुसरा नंबर बसला असेल तर ४.९२ ही पटच बदलेल.

मुक्ता
कॅटलॉगमधून. पंप उघडलेला नाही. दुरुस्तीच्या नोंदी मागवल्या आहेत.