फोटो दिसतो, पण लॅमिनेशन?

> पासपोर्टची पानं पाण्याने फुगली आहेत, पण फोटो आणि नंबर स्पष्ट दिसतो. मग अडवणार कोण?

बहुतेक वेळा अडवते ती विमान कंपनी, तेही चेक-इनलाच. तिकडच्या देशाने प्रवाशाला परत पाठवलं तर परत आणायचा खर्च, शिवाय अनेक देशांत दंडही, कंपनीच्या माथी येतो. म्हणून काउंटरवरचा माणूस धोका पत्करत नाही. माझ्या आत्येभावाचा पासपोर्ट पावसात सॅकमध्ये भिजला होता. आतल्या पानांना सुरकुत्या होत्या, त्यावर कुणी बोललं नाही. पण फोटोच्या पानाचं लॅमिनेशन एका कोपऱ्यात नखभर सुटलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी तिथे अंगठा फिरवला आणि पासपोर्ट परत दिला. सुटलेलं लॅमिनेशन म्हणजे फोटो बदलल्याचा संशय, मग आतला माणूस खरा असला तरी.

त्यामुळे तो कोपरा आणि फोटोखालच्या, मशीन वाचतं त्या दोन ओळी आधी तपासा. शाई पसरली असेल किंवा पान फाटलं असेल तर फेव्हिकॉल, सेलोटेप अजिबात लावू नका, ती छेडछाडच वाटते. सरळ Re-issue चा अर्ज करा, कारण Damaged Passport निवडा. मुदत शिल्लक असेल तर ३६ पानी पुस्तिकेला ३,००० रुपये, तत्काळचे २,००० वेगळे. खराब कसा झाला याचं प्रतिज्ञापत्र लागतं. नाव, नंबर वाचता येतात आणि फोटो शाबूत आहे तोवरच तत्काळ मिळतो, म्हणून आणखी बिघडायची वाट पाहू नका.