शब्दचर्चा: 'रेटॉरिकल क्वेश्चन'ला मराठीत काय म्हणायचं, आणि शोधनिबंधात तो का नको?

रिकामं_पान: माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण गाइडकडून शेऱ्यांसकट परत आलंय. इंग्रजी सारांशात 'डझन्ट' आणि 'इट्स' लिहिलं होतं तिथे 'काँट्रॅक्शन्स काढा', एका शब्दाभोवती गोल करून 'स्लँग', आणि एका मराठी वाक्याच्या शेजारी नुसतं 'रेटॉरिकल!' पहिले दोन ठीक, पण तिसऱ्यावर अडलोय. वाक्य असं आहे: "औषध परवडतच नसेल तर रुग्ण ते पूर्ण मुदतीपर्यंत घेईल तरी कसा?" यात नक्की काय बिघडलं? कोशात 'आलंकारिक प्रश्न' सापडलं, पण माझ्या वाक्यात अलंकार कुठाय.

सई_टंकते: काँट्रॅक्शन्स काढायची म्हणजे 'डॉ.', 'इ.स.', 'उदा.' हे पण काढायचं का? माझ्या रिपोर्टात तर पानोपानी 'उदा.' आहे, आता सगळं परत टाइप करावं लागणार वाटतं 😩

जुनी_शाई: नाही हो सईताई, ते संक्षेप, ते चालतात. काँट्रॅक्शन म्हणजे दोन शब्द एकमेकांत मुरलेले. मराठीत 'करतो आहे'चं 'करतोय', 'नाही आहे'चं 'नाहीये'. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासलीत, आणि नियम साधा आहे: असली रूपं संदिग्ध असतात म्हणून शास्त्रीय लेखनात कुठेच चालत नाहीत. इंग्रजीत 'ही'ड' म्हणजे 'ही हॅड' की 'ही वुड' हे कसं कळणार? प्रश्नचिन्हाचंही तेच, शोधनिबंधात प्रश्न विचारायचाच नसतो, उत्तर द्यायचं असतं.

अर्धविराम: काका, काँट्रॅक्शन आणि संक्षेप यातला फरक अगदी बरोबर सांगितलात, पण कारण अर्धंच पटतंय. 'ही'ड'च्या पुढे 'गॉन' आलं की 'हॅड' आणि 'गो' आलं की 'वुड', वाचणारा सहसा अडखळत नाही. खरं कारण बरंचसं संकेताचं आहे, लेखकाचा बोलतानाचा आवाज मागे ठेवायचा हा संकेत. ए.पी.ए.च्या शैलीपुस्तकात ही रूपं टाळा म्हणून सांगितलंय, उलट शिकागोवाले म्हणतात की बहुतेक लेखनाला त्यांचा फायदाच होतो. एक व्यावहारिक कारण मात्र मला पटतं, की 'नॉट' सुटा लिहिला की नजरेत भरतो. निष्कर्षाच्या वाक्यात नकार वाचायचा राहिला तर अख्खा निष्कर्ष उलटा होतो.

आणि 'कुठेच नाही' म्हणाल तर तत्त्वज्ञानाची जर्नलं उघडून बघा, तिथे 'डोन्ट', 'आय'म' सर्रास दिसतात, कारण लेखक वाचकाशी वादच घालत असतो. मुलाखतींवरच्या संशोधनात तर उलटाच नियम. उत्तर देणारा "परवडत नाहीये हो" म्हणाला तर अवतरणात तसंच ठेवायचं. त्याचं 'परवडत नाही' केलं तर ती पुराव्यात ढवळाढवळ झाली.

मोजमाप: स्लँगबद्दल फिजिक्सवाल्याकडून थोडं. आमच्याकडे 'बार्न' नावाचं एकक आहे, बार्न म्हणजे धान्याचं कोठार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी थट्टेत वापरलेला शब्द, अणुकेंद्रकाचा छेद मोजताना 'हे तर कोठाराएवढं मोठं' या अर्थी. आज जर्नलात राजरोस छापतात, कारण त्याची किंमत ठरलेली आहे, 10⁻²⁸ चौरस मीटर, कोणीही वाचला तरी तेवढीच. त्यामुळे रिकामं_पान, तुमच्या गोलातला शब्द कोणता ते सांगा. दुसऱ्याला तो तंतोतंत तेवढ्याच अर्थाने कळणार असेल तर भांडायला जागा आहे.

रिकामं_पान: 'औषधाला कल्टी देणारे रुग्ण' 🙈

मोजमाप: मग गाइडचं बरोबर आहे. कल्टी म्हणजे एक डोस चुकला, आठवडाभर घेतलं नाही, की कायमचं सोडलं? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा अख्खा अभ्यास त्याच फरकावर उभा असणार.

अर्धविराम: आता मूळ प्रश्न. तुमच्या वाक्यात अलंकार नसेल पण उत्तर आहे, 'घेऊच शकत नाही' हे. ते तुम्ही लिहिलं नाहीत, वाचकाच्या तोंडून वदवून घेतलंत, आणि न लिहिलेल्या दाव्याला पुरावा द्यावा लागत नाही. तुमच्याकडे आकडे काय आहेत ते मला माहीत नाही, समजा १२० जणांना विचारलं आणि त्यातल्या ३८ जणांनी खर्चामुळे औषध मध्येच सोडलं असं सांगितलं. मग तुमचा प्रश्न 'कोणीच घेऊ शकत नाही' म्हणतोय आणि आकडे म्हणतायत ३८. उरलेले ८२ कुठे गेले? त्यातल्या काहींना परवडत नसूनही त्यांनी उसने पैसे काढून घेतलं असेल. परीक्षक तुमच्या 'कसा?'ला सरळ 'उधारीवर' असं उत्तर देईल आणि परिच्छेद तिथेच बसेल.

हेच विधान करून लिहा: "१२० पैकी ३८ जणांनी औषध मध्येच सोडण्याचे कारण खर्च असे सांगितले." आता 'सांगितले' आलं, म्हणजे हे त्यांचं म्हणणं आहे, सिद्ध झालेलं कारण नाही, हेही आपोआप आलं. प्रश्नात हा फरक दाखवायला जागाच नव्हती.

जुनी_शाई: म्हणजे मी म्हटलं तेच, प्रश्न नकोच.

अर्धविराम: नाही ना काका! १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी फिजिकल रिव्ह्यूमध्ये निबंध छापला त्याचं शीर्षकच प्रश्न आहे, भौतिक वास्तवाचं क्वांटम यांत्रिकीतलं वर्णन पूर्ण मानता येईल का. त्यांचं उत्तर नाही. काही महिन्यांत बोरने त्याच जर्नलात, तेच शीर्षक जसंच्या तसं घेऊन, उलट बाजू मांडली. मी हीच कसोटी लावतो, की आपला प्रश्न विरोधकाला जसाच्या तसा उचलून त्याचं दुसरं उत्तर देता येईल का? येत असेल तर तो खरा प्रश्न. 'घेईल तरी कसा'मधला 'तरी' बघा, तो आला की दुसऱ्या उत्तराचं दार बंद. मराठीत 'थोडंच', 'का म्हणून', 'कोण विचारतो' हे सगळे त्याच जातीचे.

मोजमाप: पण तत्त्वज्ञानवाले तर 'कोण असं म्हणेल?' टाइपचे प्रश्नही बिनदिक्कत टाकतात की.

अर्धविराम: टाकतात, पण बऱ्याचदा तो समोरच्याचा आक्षेप असतो आणि पुढच्याच ओळीत त्याला उत्तर असतं. केन हायलंडने २००२ मध्ये वेगवेगळ्या विद्याशाखांतल्या लेखनातले प्रश्न तपासले, त्यातही तत्त्वज्ञानासारख्या विषयांत ते जास्त आणि विज्ञान-इंजिनीअरिंगमध्ये कमी असंच निघालं. प्रयोगशाळेतल्या माणसाला वाचकाला सोबत घेऊन फिरायचं नसतं, तक्ता पुढे ठेवला की झालं. अर्थात तत्त्वज्ञानातही उत्तर न देता नुसता धाक दाखवणारे प्रश्न असतात, ते मला तिथेही खटकतात.

सई_टंकते: मग मराठीत म्हणायचं काय याला? 'आलंकारिक' म्हटलं की मला तर कविताच आठवते.

जुनी_शाई: 'उत्तरगर्भ प्रश्न' म्हणा. संस्कृतातला 'काकू' जवळचा आहे, नुसत्या स्वराने अर्थ फिरवणं, पण तो लिहिलात तर लोक भलत्याच काकू समजतील.

अर्धविराम: 'उत्तरगर्भ' आवडलं. पण मग आधी प्रश्न टाकून लगेच खाली उत्तर दिलं तर त्याला काय म्हणाल? इंग्रजीत दोन्ही एकाच पोत्यात भरतात, आणि गाइड लोक दोन्हींवर तोच शेरा मारतात, दोष फक्त पहिल्यात आहे असं माझं मत.

जुनी_शाई: माझं नाही. दुसराही पाल्हाळच. उत्तर माहिती आहे तर विचारता कशाला?

अर्धविराम: काका, आत्ता तुम्ही काय वापरलंत 😄

रिकामं_पान: वाक्य बदललं. ३८ नव्हते, ४१ होते, आणि मोजायला बसल्यावर कळलं की त्यातल्या ९ जणांनी औषध सोडलंच नव्हतं, फक्त अर्ध्या गोळ्या घेत होते. आता यांना 'सोडलेले' म्हणायचं की नाही हे गाइडना विचारावं लागणार.