मदत हवी आहे: माळेतले चार दिवे डायरेक्ट केले, पण हिशोब आणि मीटर जुळत नाहीत

माळ्यावरचा_पसारा
गणपतीच्या सजावटीची जुनी माळ माळ्यावरून काढली. एलईडी नाही, तारेचे बारके दिवे, एकापुढे एक असे 40. एक दिवा उडाला की सगळी माळ बंद, म्हणून वर्षानुवर्षं वडिलांनी मेलेला दिवा कापून दोन टोकं पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. असे चार झालेत, आता 36 पेटतात.

लेक दहावीत आहे. सगळे 40 चालू होते तेव्हा आजोबांनी खोक्यावर 23 वॉट लिहून ठेवलंय. तिने मांडलं: 23 भागिले 230 म्हणजे 0.1 अँपिअर, प्रत्येक दिव्याला 5.75 व्होल्ट, म्हणून रोध 57.5 ओहम. चार गेल्यावर 36 × 57.5 = 2070 ओहम, करंट 0.111, एकूण 25.6 वॉट. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मात्र 24.4 दाखवतंय. शिवाय एक सुटा दिवा मल्टिमीटरवर मोजला तर 6 ओहम! तिचं चुकलं कुठे?

तात्या_वायरमन
चुकलं काही नाही. चार दिव्यांच्या वाटणीचा करंट बाकीच्यांना मिळाला, म्हणून जास्त पेटतात. मीटर स्वस्तातलं असेल.

कॉइल_आणि_कॉफी
तात्या, सिरीजमध्ये करंट वाटला जात नाही, सगळ्यांतून तोच जातो. वाटले जातात ते व्होल्ट. आधी 230 चे 40 वाटे होते, आता 36, म्हणजे दिव्यामागे 5.75 चे 6.39.

आता 6 ओहमचं. मल्टिमीटरने मोजताना तार थंड असते. पेटल्यावर ती दोन हजार अंशांच्या वर जाते आणि रोध नऊ-दहा पट होतो. 6 धरून हिशोब केला तर पूर्ण 40 दिव्यांची माळ जवळपास 220 वॉट खाते असं निघेल. तसं खरंच होतं, पण बटण दाबल्यावर क्षणभरच.

25.6 आणि 24.4 मधलं अंतर यातूनच येतं. व्होल्ट वाढले, तार आणखी तापली, रोध 57.5 च्या वर गेला. म्हणून व्होल्ट 11 टक्के वाढूनही करंट साधारण 6 टक्केच वाढतो. 23 चे 24.4 झाले, बरोबर बसतंय. तुमच्या लेकीने रोध कायम धरला, इतकंच.

उजेडाचं मात्र उलट आहे. तार जास्त तापली की उजेड वॉटच्या मानाने फार भराभर वाढतो, इथे चाळीसेक टक्के. आयुष्य त्याहून जोरात घटतं, अंदाजे पाव ते तिसरा हिस्सा उरतं. पहिला दिवा डायरेक्ट केला तेव्हा फरक कळलाही नसेल. पण प्रत्येक दुरुस्तीने पुढचा दिवा लवकर जातो.

न्यूजर्सीची_माई
आमच्या ख्रिसमसच्या माळा तर स्वतःच डायरेक्ट होतात! 120 व्होल्टवर 50 दिवे. दिव्यात तारेखाली बारीक वेटोळं असतं. तार तुटली की सगळे व्होल्ट त्या एकाच दिव्यावर येतात, वेटोळ्यावरचा थर फुटतो आणि वाट जुळते. दिवा सॉकेटमधून निघाला तर मात्र सगळं बंद.

साधा_सरळ
एवढा खटाटोप कशाला? दीडशे रुपयांत एलईडी माळ येते.

माळ्यावरचा_पसारा
@साधा_सरळ, माळ वडिलांची आहे हो.
@कॉइल, पण रात्री अकराला मीटरवर 24.8 होते. दिवे तेच.

कॉइल_आणि_कॉफी
तेव्हा व्होल्ट किती होते? रात्री लोड उतरला की आमच्याकडे 237-238 होतात. एक दिवा डायरेक्ट केल्याने दिव्यामागे अडीच टक्के वाढतात, लाइनचे व्होल्ट तेवढे रोजच हलतात. व्होल्ट न लिहिता घेतलेलं रीडिंग कामाचं नाही.

आणि माईंनी सांगितलं ते आपल्या माळेलाही लागू आहे. एक दिवा तुटल्यावर माळ बंद दिसते, पण त्या दिव्याच्या दोन टोकांमध्ये पूर्ण 230 असतात. दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो, तेव्हा फक्त बटण बंद करून हात लावू नका. प्लग काढा.

तात्या_वायरमन
तुटलेला शोधायला टेस्टर. फेजकडून प्रत्येक जोडाला लावत जायचं, जिथे विझला त्याच्या मागचा दिवा गेलेला. हे तरी बरोबर ना?

कॉइल_आणि_कॉफी
शंभर टक्के. फक्त टेस्टरची दांडी सोलवटलेली नको.

माळ्यावरचा_पसारा
दुसऱ्या मेलेल्या माळेतले चार दिवे डाग देऊन बसवले, पुन्हा 40 झाले. सगळे 6 व्होल्टचेच म्हणतात, पण नव्यातले दोन मंद, लालसर पेटतात. का?

कॉइल_आणि_कॉफी
व्होल्ट सारखे असून चालत नाही, करंटही जुळावा लागतो. ते दोन जास्त करंटचे असतील, तुमच्या 0.1 वर पुरते तापत नाहीत. त्यांच्या वाट्याला कमी व्होल्ट येतात, ते बाकीच्या 38 वर पडतात. दिव्यावर काही छापलंय का?

माळ्यावरचा_पसारा
काही नाही. एकावर वडिलांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, तो कशासाठी ते आईलाही आठवत नाही.