अनुभव धागा: एकच मेल, तीन मसुदे. कुठला पाठवलात आणि का?

रबाळे_वर्कशॉप

पैसे मागायचे असोत, तक्रार करायची असो किंवा नाही म्हणायचं असो, असे मेल मी थेट लिहून पाठवत नाही. मऊ, सरळ आणि कडक असे तीन मसुदे करते. मग समोर कोण आहे आणि काय पणाला लागलंय ते बघून त्यातला एक निवडते. तुमच्यापैकीही बरेच जण असं करत असतील. कुठला मसुदा गेला, कशावरून निवडला, पुढे काय झालं, ते शक्यतो मजकुरासकट लिहा. सुरुवात माझ्यापासून.

रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे, उद्यम नोंदणी असलेलं. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे पॅनेल बॉक्सचं ३,४०,००० रुपयांचं बिल अडकलं होतं. माल १२ जूनला पोचला, चलनावर सही-शिक्का होता, क्वालिटीबद्दल काही तक्रार आली नव्हती. ऑगस्ट संपत आला तरी पैसे नाहीत. परचेसचे साहेब माझ्या वडिलांच्या काळापासून ओळखीचे. पण पैसे सोडतं अकाउंट्स, आणि तिथे नवीन मॅनेजर आले होते. त्यांना आमच्यापैकी कुणी भेटलेलंही नव्हतं. मेल इंग्रजीत होते, इथे मराठीत देते.

मऊ: “साहेब, नमस्कार. १२ जूनच्या चलनाचं ३,४०,००० रुपयांचं बिल अजून बाकी दिसतंय. कुठे कागद अडकला असेल तर सांगा, लगेच पाठवते. ५ सप्टेंबरपर्यंत रक्कम जमा झाली तर तुमच्या पुढच्या लॉटचा पत्रा वेळेवर उचलता येईल.”

सरळ: “माल स्वीकारल्याची तारीख १२ जून, रक्कम ३,४०,००० रुपये. ४५ दिवसांची मुदत २७ जुलैला संपली आहे. कृपया ५ सप्टेंबरपर्यंत रक्कम जमा करावी किंवा निश्चित तारीख कळवावी. बिल आणि सही केलेलं चलन सोबत जोडलं आहे.”

कडक: “५ सप्टेंबरपर्यंत रक्कम न मिळाल्यास एमएसएमईडी कायदा २००६, कलम १६ प्रमाणे व्याजासह वसुलीसाठी सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे पोर्टलवरून अर्ज करू. तोपर्यंत पुढचा माल पाठवला जाणार नाही.”

तिन्हींत रक्कम तीच, मागणी तीच, ५ सप्टेंबर ही तारीखही तीच. यावर माझा फार कटाक्ष असतो. मऊ मसुद्यातून नमस्कार आणि गोड वाक्यं काढून टाकायची आणि उरलेलं वाचायचं. किती पैसे आणि कधीपर्यंत, हे तेवढ्यात कळलं नाही तर तो मसुदा मऊ नसून गुळमुळीत आहे. तसा मेल वाचणारा “बघतो” म्हणून पुढच्या मेलकडे वळतो.

निवडताना अडचण अशी, की नातं मऊकडे ओढत होतं आणि रक्कम कडककडे. आमच्यासारख्यांना एवढी रक्कम म्हणजे महिन्याचे पगार आणि पत्र्याचा ॲडव्हान्स. म्हणून मी मेल एकाच माणसाला पाठवला नाही. साहेबांना मऊ गेला, अकाउंट्सला सरळ. कडक ड्राफ्ट्समध्ये ठेवला. अकाउंट्सचं उत्तर त्याच दिवशी आलं: चलनाची प्रत स्टोअर्सकडून त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे बिल सिस्टीममध्ये चढलंच नव्हतं. माझ्या जोडलेल्या प्रतीवरून त्यांनी ते चढवलं आणि ९ सप्टेंबरला पैसे आले. तीन-चार दिवस उशीर झाला, पण त्यावर मी काही लिहिलं नाही. कडक मसुदा पहिल्यांदा गेला असता तर ज्यांनी बिल पाहिलंच नव्हतं त्यांच्यावर आरोप झाला असता, आणि चलन जोडायचं कदाचित कुणाला सुचलंही नसतं.

कोपरखैरणे_होलसेल

ताई, एवढं जपायची गरज काय? सरळ कडक टाका. आयकरात ४३बी एच आल्यापासून ४५ दिवस उलटले की समोरच्याची त्या खर्चाची वजावट गेली. मी माझ्या प्रत्येक रिमाइंडरमध्ये शेवटी हीच एक ओळ टाकतो. नातं वगैरे बघत बसलो तर हार्डवेअरच्या धंद्यात उधारी कधी वसूलच होणार नाही. पार्टी ओळखीची आहे की नवी, मला सगळे सारखेच.

नौपाड्यातला_सीए

कोपरखैरणे, तुमची ओळ अर्धी बरोबर आहे, आणि कडक मेलमध्ये अर्धी बरोबर ओळ सगळ्यात घातक. कारण कडक मेल आला की समोरचा तो आपल्या सीएकडे पाठवतो. तिथून “यात काही तथ्य नाही” असं उत्तर गेलं की तुमच्या पुढच्या मेललाही वजन राहत नाही.

ती तरतूद आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. पण वजावट कायमची जात नाही, पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षी मिळते. रबाळेच्या उदाहरणात बिल जूनचं, पैसे सप्टेंबरमध्ये, दोन्ही एकाच आर्थिक वर्षात. म्हणजे गिऱ्हाइकाचं आयकरात काहीच बिघडलं नाही. ही ओळ खरी बोचते ती मार्चच्या तोंडावर, जेव्हा मुदत उलटून गेलेली असते आणि ३१ मार्चच्या आत पैसे दिले नाहीत तर खर्च पुढच्या वर्षात ढकलला जाणार असतो. दुसरं म्हणजे तुम्ही होलसेल व्यापारी असाल तर हे संरक्षण तुम्हाला नाही. ते सूक्ष्म आणि लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

रबाळेंनी कडक मसुद्यात कलम १६ घेतलं ते योग्य. मुदत संपली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. आणि हे व्याज देणाऱ्याला खर्च म्हणून दाखवताही येत नाही, कलम २३. गिऱ्हाइकाच्या सीएला हे माहीत असतं, त्यामुळे हे वाक्य शांत शब्दांत लिहिलं तरी कडकच वाचलं जातं. उद्गारचिन्हांची गरज नाही.

मात्र पोर्टलचं नाव घेण्याआधी खरंच अर्ज करणार आहात का ते ठरवा. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, आणि तोपर्यंत ते गिऱ्हाईक बहुधा तुमचं राहत नाही. जी पायरी चढणार नाही ती मेलमध्ये लिहू नये.

कोपरखैरणे_होलसेल

व्यापाऱ्यांना लागू नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या ओळीने पैसे आलेत हो माझे, दोन पार्ट्यांकडून.

नौपाड्यातला_सीए

आले असतील. त्यांच्या सीएने वाचलं नाही तोपर्यंत येतील.

ऐरोली_आयटी

माझा नियम सोपा आहे, तीन लिहायचे आणि नेहमी मधला पाठवायचा. ना कुणी दुखावतं, ना कुणी डोक्यावर बसतं. क्लायंटने शनिवारी रात्री रिलीज मागितलं तेव्हा मऊमध्ये “प्रयत्न करतो” होतं, कडकमध्ये “करारात नाही”, आणि मधल्यात “सोमवारी सकाळी ७ वाजता करू, शनिवारीच हवं असेल तर मंगळवारची डिलिव्हरी पुढे जाईल.” मधला गेला, सोमवार ठरला.

रबाळे_वर्कशॉप

ऐरोली, तुमचा मेल चालला तो मधला होता म्हणून नव्हे, असं मला वाटतं. त्यात क्लायंटला निवडायला दोन गोष्टी होत्या, आणि दोन्हींच्या वेळा होत्या. तेच वाक्य मऊ सुरात लिहिलं असतं तरी चाललं असतं. उलट तुमच्या मऊ मसुद्यातलं “प्रयत्न करतो” ही तर वेगळीच गोष्ट झाली. सूर बदलताना तुमचं उत्तरच बदललं. क्लायंटने ते होकार धरलं असतं.

वाशी_शिक्षिका

मला आधी वाटलं एकाच माणसाला तिन्ही पाठवायचे! आता कळलं. तरी माझा प्रकार वेगळा आहे म्हणून लिहिते. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात आणि काही मुलांच्या वह्या येत नाहीत. निरोप एकच: शुक्रवारपर्यंत वही द्या, नाहीतर गुण देता येणार नाहीत. पण ज्या आई दोन नोकऱ्या करतात त्यांना मी “काही अडचण असेल तर मधल्या सुट्टीत फोन करा” असं जोडते. जे वडील दर वेळी “शाळाच लक्ष देत नाही” म्हणतात त्यांना फक्त तारीख आणि याआधी कधी कधी कळवलं होतं ते. म्हणजे तिन्ही मसुदे माझे जातातच, पण तीन वेगळ्या घरी. पालक आपसात मेल दाखवतात, त्यामुळे शुक्रवार मात्र सगळ्यांना सारखाच ठेवावा लागतो.

घोडबंदर_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीचा मुद्दा पाण्याच्या गळतीचा, आणि मेल बिल्डरला. ताबा मिळून पाच वर्षं व्हायला थोडेच महिने राहिलेत. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर त्याने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. इथे पणाला काय लागलंय ते पैशापेक्षा तारखेत आहे.

कमिटीत दोन तट पडले. अध्यक्षांचं म्हणणं मऊ पाठवा, कारण कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करणं, अजून व्हायचंय आणि त्यावर सही बिल्डरचीच लागणार. खजिनदार म्हणाले कडक, वकिलाच्या लेटरहेडवर. मी तीन मसुदे टेबलावर ठेवले. अध्यक्षांच्या मऊ मसुद्यात “टेरेस आणि काही फ्लॅट्समध्ये ओल दिसते, आपण एकदा पाहून घ्यावे” एवढंच होतं. कुठला फ्लॅट, कधीपासून, फोटो, काही नाही. उद्या दाद मागायची वेळ आली तर हा मेल दोष कळवल्याचा पुरावा म्हणून फार कच्चा ठरेल, असं आमच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं.

शेवटी अध्यक्षांचाच मऊ मसुदा घेतला आणि त्यात सरळ मसुद्यातला तक्ता घातला: फ्लॅट नंबर, भिंत, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, फोटो क्रमांक. कलमाचा उल्लेख एका वाक्यात: “कलम १४(३) नुसार हा दोष मुदतीत कळवत आहोत.” धमकी नाही. सुरुवातीला साइट इंजिनिअरने मागच्या पावसाळ्यात केलेल्या मदतीबद्दल आभार, कारण त्याने खरंच केली होती. हीच प्रत रजिस्टर्ड पोस्टानेही गेली. इंजिनिअर येऊन टेरेस बघून गेला आहे, काम सुरू झालेलं नाही. ३० दिवस संपले की कडक पाठवायचा की नाही, यावर कमिटी अजून अडलीय.

नौपाड्यातला_सीए

सेक्रेटरी, सीसीमध्ये कोण होतं? बिल्डरच्या डायरेक्टरला सीसी केलं असेल तर इंजिनिअरच्या दृष्टीने तुमचा मऊ मेल मऊ राहिला नसेल. शब्दांपेक्षा माणूस आधी सीसीच वाचतो.

घोडबंदर_सेक्रेटरी

डायरेक्टर होते, मुद्दाम. इंजिनिअरला पैसे मंजूर करायचा अधिकार नाही. आधी फोन करून त्याला सांगितलं, की तुझी तक्रार नाही, वर कागद गेल्याशिवाय तुलाही माणसं मिळणार नाहीत. त्याला ते पटलं.

रबाळे_वर्कशॉप

मी अकाउंट्सच्या मेलमध्ये परचेसच्या साहेबांना मुद्दाम सीसी केलं नव्हतं. नव्या मॅनेजरला पहिल्याच मेलला वाटलं असतं की मी ओळख वापरतेय. सेक्रेटरींचा फोनचा मार्ग मला सुचला नव्हता. पण आमच्याकडे फोन नंबर तरी कुठे होता त्या मॅनेजरचा! अनोळखी माणूस आणि मोठी रक्कम असताना सीसी कुणाला करावं, याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर लिहा.