मदत हवी आहे: बीम-कॉलमचा प्लाय माझ्या हिशेबाने ८४ चौ.मी., सेंट्रिंगवाले ६० म्हणतात

घरबांधणी_पहिली: नऊ कॉलम, ३०० × ३०० मिमी, उंची ३ मी. बीम १२ गाळ्यांचे, २३० × ३८० मिमी, कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३.५ मी. स्लॅब १२५ मिमी. मी असं धरलं: कॉलम १.२ × ३ × ९ = ३२.४ आणि बीम १.२२ × ४२ = ५१.२. कुठे चुकलं?

मिलिंद_७: बीमला वरून प्लाय लागतच नाही. तळ आणि दोन बाजू, म्हणजे ०.९९ × ४२ = ४१.६. बाकी बरोबर आहे.

सेंट्रिंग_काका: मिलिंद, वरची बाजू काढलीस ते योग्य. पण आतल्या बाजूला स्लॅब येऊन टेकतो, तिथे साइड फक्त ३८० − १२५ = २५५ मिमी. कडेच्या बीमला बाहेरची साइड पूर्ण ३८०, आतली २५५, तळ २३०, मिळून ०.८६५ मी. मधल्या बीमला ०.७४ मी. आणि लांबी कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंत, ३.२ मी. कडेचे आठ गाळे २२.१, मधले चार ९.५, एकूण ३१.६ चौ.मी.

कॉलमचा प्लाय बीमच्या तळापर्यंतच, म्हणजे ३ − ०.३८ = २.६२ मी. नऊ कॉलमचे २८.३. मिळून ५९.९, तुमच्या सेंट्रिंगवाल्यांचा आकडा हाच. त्यांनी एक मात्र सोडलंय. बीमच्या उंचीत कॉलमच्या बाहेरच्या तोंडांना बीम येत नाही, ती झाकावी लागतात. कोपऱ्यांना दोन-दोन, कडेच्या मधल्यांना एक-एक, अशी १२ तोंडं, साधारण १.४ चौ.मी.

वास्तू_वाडा: माझ्या स्लॅबला किती प्लाय लागेल तेही सांगा ना. आणि हो, आमचे कॉलमही २.६२ चेच होते. प्लाय २.४४ चा, वर १८ सेमीचा तुकडा जोडला. सांध्यातून स्लरी गळाली आणि तिथेच मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडली.

सेंट्रिंग_काका: स्लॅबसाठी वेगळा धागा काढा. तुकड्याचं मात्र खरं आहे. सांध्यामागे आडवी लाकडी पट्टी ठोका आणि फट चिकटपट्टी लावून बुजवा.

घरबांधणी_पहिली: काका, समजलं. म्हणजे ६१.३ भागिले एका शीटचे २.९८ चौ.मी., सुमारे २१ शीट आणू?

सेंट्रिंग_काका: नाही हो. ते मोजमाप कामाचं बिल करायला. कॉलम एकदम तीनच उभे करा, बाजू दुसऱ्या दिवशी सुटतात, तोच प्लाय पुढच्या तिघांना. एका कॉलमला दोन बाजू ३०० आणि दोन ३२४ च्या, कारण १२ मिमी प्लायची जाडी दोन्हीकडे झाकायची. १२२० मध्ये ३०० च्या चार पट्ट्या बसतात, ३२४ च्या तीनच. तिघांना चार शीट पुरतात, वरच्या १८ सेमीचे तुकडे उरलेल्यातून निघतात. बीमला मात्र सगळा प्लाय एकदम लागेल.

मिलिंद_७: आमच्याकडे बिल कॉलमच्या पूर्ण उंचीवर धरतात. करारात काय आहे ते आधी बघा.

घरबांधणी_पहिली: करारात फक्त 'प्रति चौ.मी.' लिहिलंय. उंची कुठपर्यंत, ते नाही.