सहा की आठ?
«दहावीच्या वर्कशीटवर x² − 5x + 6 आहे की 8, झेरॉक्समुळे कळत नाही. अंदाजाने सोडवू द्यावं का?»

ताई, आधी पानाचं शीर्षक बघा. ‘अवयव पद्धतीने सोडवा’ असेल तर 6 च धरा. त्याचे (x − 2)(x − 3) असे अवयव पडतात. 8 धरलं तर विवेचक 25 − 32 म्हणजे −7 येतो, अवयव पडतच नाहीत. पण शीर्षक ‘मुळांचे स्वरूप ठरवा’ असेल तर 8 सुद्धा रास्त प्रश्न आहे, तिथे विचारावंच लागेल.

खरी फसगत चिन्हात होते. आमच्याकडे नाशिकला क्लासची वर्कशीटं झेरॉक्सची झेरॉक्स होऊन येतात, अधिकची उभी रेघ पुसट होते. x² − 5x − 6 चेही अवयव पडतात, उत्तरं 6 आणि −1. दोन्ही वाचनं चोख सुटली की अंदाज करू नका. रात्रीच सरांना त्या ओळीचा फोटो पाठवा आणि नेमकं विचारा: «प्रश्न ४, शेवटचं पद +6 की −6?» असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं. तोवर मुलीने वहीत «+6 धरून» लिहून पुढे सोडवावं, म्हणजे तपासणाऱ्याला तिची रीत दिसेल.