मदत हवी आहे: गणपतीच्या हंगामात वाढलेल्या मालाचा विमा कसा घ्यावा?

दुकान मालवण बाजारात, किराणा आणि काजू-कोकमाचं. एरवी माल खरेदीभावाने 10 लाखांचा, पण गणपतीआधी दीड-दोन महिने तो 20 लाखांवर जातो. आगीची पॉलिसी 10 लाखांचीच आहे. फर्निचर, फ्रिजर आणि काउंटर यांची रक्कम वेगळी लावली आहे.

काळजी अशी की भर हंगामात आग लागून 6 लाखांचा माल गेला, तर 6 लाख मिळणार नाहीत. सर्व्हेअर त्या दिवशी दुकानात एकूण किती माल होता ते काढणार. 20 लाखांच्या मालावर 10 लाखांचा विमा म्हणजे निम्मा, म्हणून भरपाईही निम्मी, 3 लाख. त्यातून पॉलिसीतली ठरलेली वजावट आणखी जाईल. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण इथे तूट 50 टक्के आहे. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये 20 लाख लिहिलेले असल्याने आकडा लपणारही नाही, आणि तो लपवूही नये.

जाणकारांनी कृपया सांगावं:

हंगामापुरती रक्कम एंडोर्समेंटने वाढवून नंतर कमी करता येते का, आणि तेव्हा प्रीमियम परत मिळतो का? की वर्षभर 20 लाखच धरावेत?

चोरीच्या पॉलिसीत एकूण मालाच्या 25 टक्क्यांपर्यंतच जोखीम घेतली, तरी एकूण किंमत 20 लाखच जाहीर करावी लागते ना? कुलूप किंवा शटर तोडल्याची खूण नसेल तर दावा टिकतो का?